मिरवणं म्हणजे इठलाना

“ताई, घरी कविता घडाघडा म्हणतो. वर्गात मॅडमसमोर उभा राहिला की तिसऱ्या ओळीला गाडी अडते. अर्थ विचारला तर गाईडमधलं वाक्य, नाहीतर गप्प. पाच दिवसांवर मौखिक परीक्षा आहे. इतका घाबरट कसा हो हा?”

परीक्षांच्या मोसमात इंदूरच्या मराठी घरांतून हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता ‘घाबरट’ हा शब्द आला की आधी एकच विचारते: अडतो कुठे? दर वेळी वेगळ्या जागी अडत असेल, पहिल्याच शब्दाला घसा कोरडा पडत असेल, तर भीतीचं बघू. पण दर वेळी एकाच जागी अडत असेल, तर दोष बहुतेक पाठ करण्याच्या पद्धतीत असतो. भीती तिथे मागून येते.

हा सहावीतला मुलगा आई आणि आजीबरोबर आला होता. कविता माखनलाल चतुर्वेदींची हिंदी ‘पुष्प की अभिलाषा’. त्यात फूल आपल्याला काय काय नको ते सांगतं आणि शेवटी माळ्याला म्हणतं, मातृभूमीसाठी शिर द्यायला वीर ज्या रस्त्याने जातात, त्यावर मला टाक. मी तीन वेळा म्हणायला लावली आणि तिन्ही वेळा तो पहिल्या ओळीवरून थेट तिसरीवर गेला. कारण कवितेतच होतं. पहिल्या चारही ओळी ‘चाह नहीं’ने सुरू होतात. चार दारं एकसारखी असली की माणूस चुकीच्या घरात शिरणारच!

त्यात आईची सवय अशी, की चुकला की “पहिल्यापासून म्हण.” त्यामुळे पहिली ओळ शंभरदा म्हणून झाली आणि पाचवी जेमतेम दहादा. मी ओळींच्या सहा चिठ्ठ्या केल्या. जी निघेल तिथून पुढे म्हणायचं, मागे जायचं नाही. पहिल्या दिवशी तो वैतागला, दुसऱ्या दिवशी त्याला यात खेळ दिसू लागला.

पण चार ‘चाह नहीं’ सुटे कसे करायचे? इथे अर्थ उपयोगी पडतो. पाठांतर आधी आणि अर्थ मग, ही वाटणीच मला मान्य नाही. अर्थ ही आठवणीची खुंटी आहे, आणि ती मुलाच्या घरच्या भाषेत ठोकली तर घट्ट बसते.

“फूल काय म्हणतंय, मराठीत सांग,” मी म्हणाले.

“आंटी, पेपर तर हिंदीचा आहे.”

“इथे पेपर नाहीये. सांग.”

“देवांगनेच्या दागिन्यात नको. प्रेमाच्या माळेत नको. राजाच्या... बॉडीवर नको. देवाच्या डोक्यावर बसून...” इथे तो थांबला. गाईडमधलं ‘गर्व करना’ त्याला पाठ होतं, पण ‘इठलाना’ म्हणजे डोळ्यांसमोर काय आणायचं ते ठाऊक नव्हतं.

कोपऱ्यातून आजी म्हणाल्या, “अरे, मिरवू नको म्हणतंय ते.”

तो खुदकन हसला. “तू गजरा घालून गणपतीला जातेस तसं?”

आजी लटक्या रागावल्या. मी गप्प राहिले. अशा वेळी समुपदेशकाने तोंड बंद ठेवणं हेही काम असतं, आणि ते मला बऱ्याच वर्षांनी जमायला लागलंय. मिनिटभराने तोच म्हणाला, “म्हणजे आधी नटणं, मग प्रेम, मग राजा, मग देव. देवाच्या वर काही नाहीच. मग ते एकदम खाली रस्त्यावर जातं!”

त्यानंतर त्याने ओळींचा क्रम चुकवला नाही. चार सारख्या दारांवर चार पाट्या लागल्या होत्या.

उत्तराची तयारी मात्र हिंदीतच केली. घरच्या भाषेत समजलेलं परीक्षेच्या भाषेत आपोआप उतरत नाही, ते मोठ्याने बोलून पाहावं लागतं. तीनच गोष्टी सांगायच्या: कोण बोलतंय, त्याला काय नको, काय हवं आणि का. ‘का’ला जोड म्हणून मी एवढंच सांगितलं, की स्वातंत्र्यलढ्यात कवी बिलासपूरच्या तुरुंगात असताना ही कविता लिहिली गेली. त्याने विचारलं, “म्हणजे त्या रस्त्याने जाणारे त्यांच्या ओळखीचे होते?” गाईडमध्ये असा प्रश्न नसतो.

शेवटचे दोन दिवस आजी परीक्षक झाल्या आणि मुद्दाम मध्येच तोडून प्रश्न विचारू लागल्या. अडलास तर पहिल्या ओळीकडे धावायचं नाही, पुढची पाटी आठवायची, असं ठरलं. दोन-तीन सेकंद थांबलेलं ऐकणाऱ्याला विराम वाटतो. ते सेकंद लांबलचक वाटतात ते फक्त म्हणणाऱ्याला. आदल्या रात्री एकदाच म्हणायचं आणि झोपायचं, हे आईला पटवायला मला मुलापेक्षा जास्त वेळ लागला.

परीक्षेत चौथ्या ओळीआधी तो थांबला, वर बघितलं आणि पुढे गेला. मग मॅडमनी विचारलं, फुलाला रस्त्यावरच का पडायचंय, वीरांच्या गळ्यात हार होऊन का नाही?

मी हा प्रश्न घेतलाच नव्हता. त्याने काय उत्तर दिलं ते आजींनी मला फोनवर सांगितलं: “हार बनेगा तो फिर इठलाएगा ना, मॅडम.”