नफा दिसतोय, पण शेअर कुठे आहेत?

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

ऐरोलीच्या ऑफिसात दुसरा पगार झाला आणि कुणीतरी तुला शेअरच्या टिप्स देणाऱ्या ग्रुपमध्ये घातलं, हे तुझ्या आईकडून कळलं. तू पाठवलेले स्क्रीनशॉटही पाहिले. नौपाड्यात शेअर दलालाच्या ऑफिसात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे त्या हिरव्या आकड्यांनी मी काही दिपलो नाही. नफा किती, हे नंतर बघू. आधी मला सांग, पैसे कुणाच्या खात्यात जाणार आहेत आणि शेअर कुठे जमा होणार आहेत?

हा प्रकार बहुतेक ठिकाणी एकाच चालीने जातो. ग्रुपात एक ‘सर’ असतात, त्यांची मदतनीस ‘मॅडम’ असते, आणि रोज ‘थँक्यू सर’ म्हणणारे पाचपन्नास लोक असतात. त्यातले बरेचसे त्यांचेच. मग लिंकवरून ॲप घ्यायला लावतात. समज, तू पाच हजार टाकलेस. चार दिवसांत ॲपवर सहा हजार दोनशे दिसतात. हजार काढून बघितलेस, तर ते खरंच बँकेत येतात. मला विचारशील तर सगळ्यात घातक गोष्ट हीच. ते हजार तुझ्याच पाच हजारांतले असतात, पण माणसाची खात्री पटते आणि पुढच्या वेळी तो चाळीस हजार टाकतो.

यानंतर बहुधा आयपीओ येतो, म्हणजे एखादी कंपनी पहिल्यांदाच लोकांना शेअर विकायला काढते, असं सांगतात. ‘अभिनंदन, तुम्हाला सव्वा लाखाचे शेअर लागले. उरलेली रक्कम आज भरा, नाहीतर खातं गोठेल.’ खऱ्या आयपीओत असं होत नाही. अर्ज करतानाच पूर्ण रक्कम तुझ्या स्वतःच्या बँक खात्यात अडकवून ठेवली जाते. शेअर लागले तरच ती कापली जाते, नाहीतर मोकळी होते. मागणी खूप असेल तेव्हा तुझ्यामाझ्यासारख्यांना सोडतीत फार तर एक लॉट, म्हणजे शेअरांचा ठरलेला एक गठ्ठा लागतो, तोही साधारण पंधरा हजारांच्या आतबाहेर. शेअर लागल्यावर कुणी वरचे पैसे मागत नाही.

शेवटी पैसे काढायला गेलं की ‘आधी कर भरा’. नफ्यावरचा कर आपण विवरणपत्र भरताना सरकारला देतो. तुझेच पैसे तुला परत द्यायला दलाल कर मागत नाही. इथे आणखी वीस हजार भरून अडकलेले सोडवू म्हणणारे लोक मी पाहिलेत, आणि चांगली शिकलेली माणसं होती ती.

ओळखायचं कसं? पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर खातेदाराचं नाव वाच. कुठल्याशा ट्रेडर्सचं किंवा कुणा व्यक्तीचं नाव दिसलं, की तिथेच थांब. नोंदणीकृत दलालांसाठी ऑक्टोबर 2025 पासून सेबीने, म्हणजे शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, वेगळे यूपीआय पत्ते सुरू केलेत, त्यात `@valid` असतं. पत्ता किंवा बँक खातं खरं आहे का, ते ‘सेबी चेक’वर तपासता येतं. ‘सरां’नी शेअर विश्लेषकांना सेबीकडून मिळणारा, `INH`ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक दिला असेल, तर तेवढ्यावर भुलू नकोस. तो दुसऱ्या कुणाचा उचललेला असू शकतो. सेबीच्या साइटवर त्या क्रमांकापुढे जो फोन आणि ईमेल आहे, तिथे विचार. आणि एक लक्षात घे, असा नोंदणीकृत विश्लेषक सल्ल्याची फी घेतो, गुंतवायला पैसे घेत नाही.

दुसरी खूण तर फुकट आहे. घेतलेले शेअर तुझ्या डिमॅट खात्यात येतात आणि ते खातं सीडीएसएल किंवा एनएसडीएल या शेअर सांभाळणाऱ्या संस्थेकडे असतं. तिथलं विवरण तुला दलालाला न विचारता थेट बघता येतं. ॲपवर शंभर शेअर दिसतात, पण त्या विवरणात एकही नाही, म्हणजे शेअर घेतलेच गेले नाहीत. ते ॲप म्हणजे नुसती रंगवलेली पाटी.

कुणाचे पैसे गेलेच असतील, तर ग्रुपात भांडत बसू नये. आधी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करायचा, मग `cybercrime.gov.in` वर तक्रार. पैसे पुढच्या खात्यांत पळवले जातात, त्याआधी कळलं तर ते रोखता येण्याची आशा असते, म्हणून तासांना किंमत आहे. व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवायचा आणि ग्रुप सोडण्याआधी सगळ्या संदेशांचे स्क्रीनशॉट काढून घ्यायचे. लाजेपायी दोन दिवस गप्प बसणारेच जास्त, आणि तिथेच सगळं हातचं जातं.

तुझं डिमॅट खातं अजून उघडलेलं नाही, असं आई म्हणाली. मग त्या ॲपवर ‘तुझे’ म्हणून दिसणारे शेअर कुठल्या खात्यात जमा झालेत, एवढं त्या मॅडमना विचार, आणि त्या काय म्हणतात ते मला कळव.

तुझा,
काका
ठाणे