केअर प्लॅनमधला गोल ‘मेजरेबल’ कसा करायचा?

‘नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डायग्नोसिस जमतं, पण गोल आणि एक्सपेक्टेड आउटकम लिहिले की मॅडम “नॉट मेजरेबल” असा शेरा मारून फाइल परत देतात. आकडे घातले तरी परत येते. नक्की काय चुकतं?’

आकडे घालूनही फाइल परत येते म्हणजे बहुतेक आकडा चुकीच्या गोष्टीला लागलाय. माझंही हेच व्हायचं. पुढे वॉर्डात काम केलं, मग विद्यार्थ्यांच्या फाइली तपासायला लागले, तेव्हा लक्षात आलं की दहातल्या सात जणांचा घोळ एकाच जागी होतो. म्हणून सगळे नियम सांगत बसत नाही, एकच रुग्ण घेते.

५८ वर्षांचे गृहस्थ. काल पोटाच्या वरच्या भागात मोठा छेद घेऊन ऑपरेशन झालंय. आज सकाळी ८ वाजता तुम्ही कॉटजवळ गेलात. ते म्हणतात, ‘खोकलं की टाके तुटतील असं वाटतं.’ खोकतात ते नावापुरतं, घशात घरघर आहे पण कफ बाहेर येत नाही. स्टेथोस्कोप लावला तर दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी क्रेपिटेशन्स. श्वास मिनिटाला २६. ऑक्सिजन सॅच्युरेशन रूम एअरवर ९२ टक्के. इन्सेंटिव्ह स्पायरोमीटर कसाबसा ६०० मिलिलिटरपर्यंत जातो, ऑपरेशनच्या आधी १५०० जात होता. वेदना विचारल्या तर पडून असताना १० पैकी ४, खोकताना ८.

तुम्ही डायग्नोसिस लिहिलंत: इनइफेक्टिव्ह एअरवे क्लिअरन्स, रिलेटेड टू टाक्यांच्या वेदनेमुळे दबलेला खोकला आणि साठलेला कफ, ॲज एव्हिडन्स्ड बाय वर लिहिलेली सगळी लक्षणं. उत्तम. आता गोल. बहुतेक फाइलींत इथे हे येतं: ‘संध्याकाळपर्यंत रुग्णाची वेदना ८ वरून ३ वर येईल.’ आकडा आहे, वेळ आहे, मोजता येतं. तरीही चूक आहे.

समजा दुपारी वेदनाशामक इंजेक्शन दिलं. संध्याकाळी विचारलं तर रुग्ण म्हणाला ३. तुम्ही ‘गोल मेट’ लिहून मोकळ्या झालात. पण इंजेक्शनने त्यांना गुंगी आली, ते दुपारभर झोपून राहिले, खोकले तर नाहीतच, आणि तळाशी कफ होता तिथेच आहे. कागदावर गोल साध्य, छातीत प्रॉब्लेम जशाचा तसा. असं झालं कारण गोल प्रॉब्लेममधून न घेता कारणातून घेतला. वेदना हे इथे ‘रिलेटेड टू’ आहे. तिच्यावर इंटरव्हेन्शन करायचं: वेळेवर औषध, खोकताना पोटावर उशी, बसवून खोकायला लावणं. गोल मात्र पहिल्या तुकड्याची, म्हणजे प्रॉब्लेमची, उलटी बाजू असतो. श्वासमार्ग मोकळा होत नाही हा प्रॉब्लेम, तर श्वासमार्ग मोकळा राहणं हा गोल. वेदनेवर गोल हवाच असेल तर ॲक्यूट पेन हे वेगळं डायग्नोसिस करा, या रुग्णाला तेही लागू पडतं.

मग आकडे कुठून आणायचे? ‘ॲज एव्हिडन्स्ड बाय’मधून. प्रॉब्लेम आहे हे ज्या खुणांवरून ओळखलंत, तो गेला हेही त्याच खुणांवरून ठरणार. त्यामुळे आउटकम लिहायला बसलात की डायग्नोसिसचा तिसरा तुकडा समोर ठेवा आणि एकेक खूण उलटी करा. जी खूण तिथे नव्हती ती आउटकममध्ये अचानक उगवायला नको. फाइल तपासणारी व्यक्ती हेच आधी बघते. इकडे पुराव्यात सॅच्युरेशनचा उल्लेख नाही आणि तिकडे आउटकममध्ये सॅच्युरेशन ९५ टक्के, म्हणजे कुठून तरी उतरवलंय हे लगेच कळतं.

आपल्या रुग्णासाठी मी असं लिहीन.

गोल: रुग्णाचा श्वासमार्ग कफापासून मोकळा राहील.

आउटकम १: आज दुपारी २ वाजेपर्यंत रुग्ण बसून, पोटावर उशी दाबून धरून, आठवण करून दिल्यावर खोकेल आणि कफ बाहेर काढेल.

आउटकम २: उद्या सकाळी ८ वाजता, विश्रांतीच्या स्थितीत, श्वसनाचा दर मिनिटाला १२ ते २० असेल.

आउटकम ३: उद्या सकाळी ८ वाजता सॅच्युरेशन रूम एअरवर ९५ टक्के किंवा जास्त असेल.

आउटकम ४: उद्या सकाळी ८ वाजेपर्यंत स्पायरोमीटर किमान १००० मिलिलिटरपर्यंत जाईल (आज ६००).

आउटकम ५: परवा सकाळी ८ वाजता, खोकून झाल्यावर तपासलं असता, दोन्ही तळांशी क्रेपिटेशन्स ऐकू येणार नाहीत.

यातल्या काही शब्दांकडे नीट बघा. ‘रूम एअरवर’ काढून टाकला तर तिसरा आउटकम फसवा होतो. रात्री कुणी नाकात दोन लिटर ऑक्सिजन लावला आणि सकाळी मॉनिटरवर ९६ दिसले, तर तुम्ही म्हणाल सुधारणा झाली. प्रत्यक्षात रुग्णाला जास्त आधार लागतोय. ‘खोकून झाल्यावर’ हा शब्दही असाच. कफ असलेल्या माणसाच्या छातीतले आवाज खोकण्याआधी आणि नंतर वेगळे येतात, त्यामुळे कधी ऐकलं ते लिहिलं नाही तर दोन नर्सेसची नोंद जुळत नाही. आणि पहिल्या आउटकममधलं ‘आठवण करून दिल्यावर’ मी मुद्दाम ठेवलंय. पहिल्या दिवशी हे गृहस्थ स्वतःहून दर तासाला उठून खोकतील अशी अपेक्षा ठेवणं म्हणजे नापास व्हायची तयारी. दुसऱ्या दिवशी तो शब्द काढायचा.

स्पायरोमीटरचा आकडा १५०० का नाही लिहिला? कारण ती त्यांची ऑपरेशनपूर्वीची क्षमता आहे आणि पोटाच्या वरच्या भागात छेद असताना एका दिवसात तिथे पोचणं अवघड. आकडा ठरवताना दोन टोकं लागतात: आज कुठे आहे आणि या माणसाचं नेहमीचं काय होतं. पुस्तकातला नॉर्मल हा तिसरा मुद्दा, आणि कधीकधी तो सरळ धोक्याचा ठरतो. हेच गृहस्थ जुने सीओपीडीचे रुग्ण असते आणि त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असता, तर ‘९५ टक्के किंवा जास्त’ हा आउटकम मी खोडलाच असता. अशा रुग्णांसाठी सॅच्युरेशनचं लक्ष्य साधारण ८८ ते ९२ टक्के धरतात. ९५ गाठायच्या नादात कुणी ऑक्सिजन वाढवत नेला तर तुमचा केअर प्लॅनच रुग्णाला त्रास देईल. म्हणून असा आकडा लिहिण्याआधी फाइलमध्ये डॉक्टरांनी कोणतं लक्ष्य दिलंय ते वाचा.

आता शब्दांबद्दल. आमच्या मॅडमनी माझी पहिली फाइल परत दिली तेव्हा त्यात होतं, ‘रुग्णाला श्वास घ्यायला बरं वाटेल.’ त्यांनी एवढंच विचारलं, ‘दोन वाजता मी कॉटजवळ येऊन उभी राहिले, तू तिथे नाहीस, तर मला काय दिसेल, काय ऐकू येईल?’ मी गप्प. आजही मी प्रत्येक आउटकम याच प्रश्नाने तपासते. ‘सुधारेल’, ‘कमी होईल’, ‘नॉर्मल होईल’, ‘समजेल’ यांतलं काहीच कॉटजवळ उभं राहून दिसत नाही. ‘स्पायरोमीटर वापरण्याची पद्धत समजेल’ याऐवजी ‘आज १२ वाजेपर्यंत स्पायरोमीटर न सांगता योग्य पद्धतीने वापरून दाखवेल’ लिहा, दाखवलं की नाही ते कुणालाही कळेल.

त्याच परीक्षेत दुसरी चूकही सापडते: ‘रुग्णाला दर दोन तासांनी पोझिशन बदलून दिली जाईल.’ इथे करणारी तुम्ही आहात, रुग्ण नाही. हे इंटरव्हेन्शन झालं. आउटकमचा कर्ता रुग्ण, किंवा त्याच्या शरीराची एखादी खूण. आणि एका वाक्यात एकच गोष्ट. ‘खोकेल आणि सॅच्युरेशन ९५ राहील’ असं जोडलंत की एक झालं आणि दुसरं नाही झालं तर इव्हॅल्युएशनमध्ये काय लिहिणार? (पहिल्या आउटकममध्ये मीही ‘खोकेल आणि कफ काढेल’ लिहिलंय. इथे चालतं, कारण ती एकच कृती आहे. तुमच्या मॅडम कडक असतील तर तोडून लिहा.)

इव्हॅल्युएशन लिहिताना आउटकम बरोबर होता की नाही हे उघडं पडतं. समजा दुसऱ्या दिवशी सकाळी ८ वाजता सापडलं: श्वास २०, सॅच्युरेशन रूम एअरवर ९४, स्पायरोमीटर ९००, डावा तळ मोकळा, उजवीकडे अजून क्रेपिटेशन्स. पहिला आणि दुसरा आउटकम साध्य. तिसरा आणि चौथा अंशतः. पाचव्याची वेळ अजून आलेली नाही. ‘पार्शली मेट’ लिहून थांबू नका, का ते शोधा. नोंद वाचली तर दिसतं की दिवसा ते दर तासाला खोकले, रात्री दहानंतर एकदाही नाही, आणि पहाटे वेदना खोकताना पुन्हा ७. म्हणजे आकडा चुकला नव्हता, रात्रीची आखणी चुकली होती. तेव्हा गोल तसाच, तिसऱ्या-चौथ्याची वेळ उद्या सकाळपर्यंत पुढे, आणि बदल इंटरव्हेन्शनमध्ये: रात्री जाग आली की बसवून खोकवणं, आणि पहाटेचं ठरलेलं औषध देऊन त्याचा असर आल्यावर खोकवणं.

पण त्याच सकाळी श्वास ३२, सॅच्युरेशन ८८ आणि अंगात ताप सापडला, तर मुदत वाढवायची ही वेळ नाही. तेव्हा आधी डॉक्टरांना कळवायचं, केअर प्लॅन नंतर.

रिस्क डायग्नोसिसला मात्र ही युक्ती जशीच्या तशी चालत नाही, कारण तिथे पुरावाच नसतो, फक्त रिस्क फॅक्टर असतात. तिथे जे व्हायला नको त्याच्या खुणा नकारात लिहायच्या. याच गृहस्थांना रिस्क फॉर इन्फेक्शन लावलं तर: ‘डिस्चार्जपर्यंत रोज ड्रेसिंगच्या वेळी जखमेच्या कडा जुळलेल्या असतील’, आणि वेगळ्या ओळीत, ‘जखमेतून पू येणार नाही.’ ‘इन्फेक्शन होणार नाही’ एवढंच लिहिलं तर कॉटजवळ उभं राहून काय बघायचं ते कळत नाही.

तुमच्या कॉलेजात एनओसीची, म्हणजे नर्सिंग आउटकम्स क्लासिफिकेशनची, लेबलं मागत असतील तर तिथे प्रत्येक खुणेला १ ते ५ गुण द्यायचे असतात, आज किती आणि कुठवर न्यायचं ते. तेही करा, पण गुणाशेजारी खरा आकडा लिहा. आज २, उद्या ४ एवढ्यावरून रात्रपाळीच्या नर्सला काही कळत नाही. स्पायरोमीटर १००० म्हटलं की कळतं.