जागा आतूनच भरली गेली, तर उत्तर काय लिहावे?

प्रश्न : अंबडच्या एका कारखान्यात सीनिअर क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी माझ्या दोन मुलाखती झाल्या. काल एचआर मॅडमचा मेल आला, की जागा आतल्याच माणसाला दिली, पण पुढे पुन्हा निघू शकते. याला उत्तर द्यायचं का, आणि त्यात लिहायचं काय?
(एक वाचक, सातपूर)

उत्तर अवश्य द्यावे, आणि ते एक-दोन कामकाजाच्या दिवसांत, त्याच मेलला जोडून द्यावे. नवा मेल सुरू केला, तर तुमचा बायोडेटा, मुलाखतीच्या तारखा आणि झालेला पत्रव्यवहार एका जागी राहत नाही. अंबडमधील एका कारखान्याची भरती मी काही वर्षे सांभाळत होते. एखादी जागा घाईने पुन्हा उघडली, की मी सर्वप्रथम मेलबॉक्समध्ये त्या पदाचे नाव टाकून जुने मेल काढत असे आणि ज्या उमेदवाराच्या शेवटच्या मेलमध्ये चालू फोन नंबर व नोटीस पिरियड स्पष्ट लिहिलेला असेल, त्याला आधी फोन लावत असे.

मात्र तुमच्या प्रकरणातील सर्वांत उपयोगी गोष्ट वेगळीच आहे आणि बहुतेक उमेदवार ती विचारतच नाहीत. आतल्या माणसाला ही खुर्ची मिळाली, याचा अर्थ त्याची जुनी खुर्ची रिकामी झाली किंवा लवकरच होणार आहे. ती जागा कंपनी बाहेरून भरेल, आतूनच आणखी कोणाला पुढे सरकवेल, की तिचे काम इतरांत वाटून देईल, हे मेल लिहिण्याच्या वेळी अनेकदा ठरलेले नसते. एचआरच्या डोक्यात तो विषय ताजा असतानाच तुमचा प्रश्न पोहोचला, तर तुमचे नाव त्या दुसऱ्या जागेच्या विचारात येऊ शकते.

‘पुढे पुन्हा निघू शकते’ या वाक्यामागेही निरनिराळी कारणे असतात. कधी निवडलेल्या माणसाला त्याचा जुना विभाग सोडायला तयार नसतो आणि बदली लांबते. कधी दुसऱ्या पदाला मंजुरी हवी असते आणि ती एप्रिलमध्ये नवे आर्थिक वर्ष सुरू झाल्यावर मिळण्याची शक्यता असते. कधी मात्र ते केवळ सौजन्याचे वाक्य असते. यांतले कोणते कारण खरे आहे, हे थेट विचारून कळत नाही; पण नेमका प्रश्न केल्यावर येणाऱ्या उत्तरावरून बरेच उमगते. ‘सप्लायर क्वालिटीची जागा पुढच्या महिन्यात निघेल’ असे कोणी लिहिले, तर दार खरोखर किलकिले आहे. ‘आपला बायोडेटा जपून ठेवू’ एवढेच आले, तर त्यावर काहीही आखू नये.

तुम्ही सध्याच्या नोकरीत पुरवठादारांच्या कारखान्यांत जाऊन ऑडिट करता, असे तुमच्या पत्रात आहे. समजा, निवड झालेला माणूस सप्लायर क्वालिटी विभागातून आला, हे तुम्हाला मुलाखतीच्या वेळी कळले होते. तर मेल असा असावा. तो कंपनीच्या व्यवहाराच्या भाषेत, बहुधा इंग्रजीत, पाठवावा; आशय कळावा म्हणून मराठीत देत आहे :

“निर्णय वेळेवर कळवल्याबद्दल आभारी आहे. दोन्ही मुलाखतींत कामाची नीट माहिती मिळाली आणि आपल्याकडे काम करण्याची माझी इच्छा कायम आहे. या निवडीमुळे सप्लायर क्वालिटी विभागात जागा रिकामी होणार असेल आणि ती बाहेरून भरायची असेल, तर माझा विचार व्हावा, ही विनंती. पुरवठादारांचे ऑडिट मी गेली तीन वर्षे स्वतः करत आहे. ती जागा केव्हापर्यंत निश्चित होईल, हे कळवू शकाल का? माझा नोटीस पिरियड 60 दिवसांचा आहे. फोन नंबर खाली दिला आहे.”

या मेलमध्ये प्रश्न एकच आहे, हे लक्षात घ्या. निवड कशी झाली, मी कुठे कमी पडलो, पगाराचा आकडा जास्त वाटला का, हे सारे त्यात घातले, तर वाचणारी व्यक्ती ‘सवडीने लिहू’ म्हणून मेल बाजूला ठेवते आणि तो तिथेच राहतो. आतला माणूस कोणत्या विभागातून आला हे ठाऊक नसेल, तर विभागाचे नाव न घेता ‘या बदलामुळे रिकामी होणारी जागा’ एवढेच लिहावे. तर्काने नाव घालू नये.

प्रश्न : मला सिन्नरच्या कंपनीत एका कन्सल्टन्सीने पाठवलं होतं. आता कन्सल्टन्सीवाले म्हणतात, जागा आतून भरली, नंतर बघू. मी थेट कंपनीच्या एचआरला मेल केला तर?
(एक वाचक, नाशिकरोड)

तूर्त करू नका. कन्सल्टन्सीने पाठवलेला उमेदवार ठरावीक मुदतीत नोकरीला लागला, तर तिला शुल्क द्यायचे, अशी अट कंपनीशी झालेल्या करारात सहसा असते; ही मुदत अनेकदा सहा महिने किंवा एक वर्ष असते. तुम्ही थेट गेलात, तर शुल्क कोणाला द्यायचे हा वाद उभा राहतो आणि तो टाळण्यासाठी कंपनी तुम्हालाच बाजूला ठेवू शकते. वर दिलेला मेल कन्सल्टन्सीलाच लिहा आणि त्यात आणखी एक वाक्य घाला : माझा बायोडेटा कंपनीकडे कोणत्या तारखेला पाठवला होता? ते उत्तर जपून ठेवा. पुढे तीच जागा कंपनीच्या संकेतस्थळावर दिसली, तर आधी कन्सल्टन्सीला विचारा; त्यांची मुदत संपली असेल, तर थेट अर्ज करायला हरकत नाही.

प्रश्न : रिक्रुटर म्हणाली, तीन महिन्यांनी नक्की निघेल. इकडे दुसऱ्या कंपनीचं ऑफर लेटर हातात आहे. थांबू का?
(एक वाचक, इंदिरानगर)

थांबू नका. तोंडी सांगितलेल्या तीन महिन्यांवर हातचे ऑफर लेटर सोडू नये, कारण मंजुरी रिक्रुटरच्या हातात नसते. तिला एक मेल मात्र करा : दुसरी ऑफर आली आहे, अमुक तारखेपर्यंत होकार द्यायचा आहे, त्याआधी आपल्याकडे काही ठरणार असल्यास कळवावे. ऑफरमधील पगाराचा आकडा त्यात लिहू नका. त्या तारखेपर्यंत लेखी काही आले नाही, तर होकार देऊन मोकळे व्हा आणि आपण रुजू होत असल्याचे तिलाही कळवा.

प्रश्न : आभाराचा मेल पाठवून दोन महिने झाले. पुन्हा विचारलं तर मागे लागल्यासारखं वाटेल का? आणि जागा निघाल्यावर ते स्वतःहून बोलावतील ना?
(एक वाचक, पंचवटी)

स्वतःहून बोलावतील, असे धरून चालू नका. बऱ्याच कंपन्यांत पुन्हा निघालेल्या जागेला नवा क्रमांक मिळतो आणि तुमचा अर्ज जुन्या क्रमांकालाच चिकटून राहतो. म्हणून कंपनीचे करिअरचे पान पंधरा दिवसांनी एकदा पाहावे, जागा दिसताच नव्याने अर्ज करावा आणि त्याच दिवशी जुन्या मेलला जोडून रिक्रुटरला नवा क्रमांक व आधीच्या मुलाखतींच्या तारखा कळवाव्यात.

दोन महिन्यांनी विचारण्यात काहीही गैर नाही. पण त्या मेलमध्ये सांगण्याजोगे काहीतरी नवे असावे. नोटीस पिरियड 90 वरून 60 दिवसांवर आला, नवे मशीन हाताळू लागलात, एखादे प्रशिक्षण पूर्ण झाले, यांपैकी काहीही चालेल. पुढचा मेल एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात करावा. मार्चअखेर एचआरमध्ये कोणाला मान वर करायला फुरसत नसते, आणि नव्या वर्षाच्या मंजुऱ्या त्यानंतरच हाती येऊ लागतात. दोन्ही मेलना उत्तर आले नाही, तर त्या रिक्रुटरला लिहिणे थांबवावे. करिअरचे पान पाहणे मात्र चालू ठेवावे, कारण अनेकदा रिक्रुटर बदललेली असते आणि जागा दुसऱ्याच नावाने निघते.