पाकिटामागचे १४ आकडे आणि त्यांच्याजवळचा पत्ता

प्रश्न: दुकानातून फराळाची, मसाल्याची पाकिटं आणते. त्यावर एफएसएसएआयचा नंबर आणि बनवणाऱ्याचा पत्ता कुठे असतो? आणि तो बघून मला नक्की काय कळणार?

पाकीट उलटं करा. घटक पदार्थांची यादी असते, तिच्या आसपास एफएसएसएआयचं चिन्ह आणि त्याच्याजवळ १४ आकडी नंबर असतो. दिसला नाही तर मधल्या चिकटवलेल्या शिवणीची घडी उघडून बघा, लहान पाकिटांवर बरेचदा तिथेच दडलेला असतो. पत्ता जवळच मिळतो, पण तो कोणाचा आहे हे आधी वाचा. ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ म्हणजे ज्याने बनवलं तो, ‘पॅक्ड बाय’ म्हणजे ज्याने पाकिटात भरलं तो, आणि ‘मार्केटेड बाय’ म्हणजे ज्याच्या नावाने विकलं जातं तो. हे वेगवेगळे असतील तर नंबरही एकापेक्षा जास्त दिसतात.

नंबर आणि पत्ता एकमेकांशी जुळतात का, हे बघायची सवय मला एका चकलीच्या पाकिटाने लावली. कोथरूडमध्ये घराजवळच्या दुकानातून पाव किलो चकली आणली होती. पारदर्शक पिशवी, वर स्टिकर, त्यावर ‘घरगुती’ आणि कोथरूडचाच पत्ता. नंबर 21519 ने सुरू होणारा. पहिला आकडा 2 म्हणजे छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. 1 असता तर परवाना. पुढचे 15 म्हणजे महाराष्ट्र आणि 19 म्हणजे नंबर दिल्याचं वर्ष, २०१९. पाकिटावर वर्ष जुनं दिसलं म्हणून घाबरू नका, नूतनीकरण झालं तरी नंबर तोच राहतो. इथवर सगळं ठीक वाटत होतं.

मग foscos.fssai.gov.in उघडून FBO Search मध्ये पूर्ण नंबर टाकला. नोंदणी चालू होती, पण नाव होतं एका स्नॅक्स सेंटरचं आणि पत्ता हडपसरचा! दुकानदारांना विचारलं तर म्हणाले, “अहो ताई, चकल्या वहिनी करतात इथे कोथरूडला. नंबर त्यांच्या भावाचा लावलाय, घरचाच माणूस आहे.” त्यांना त्यात काही चुकीचं वाटतच नव्हतं. पण नोंदणी त्या व्यावसायिकाची आणि त्या जागेची असते. हडपसरचं स्वयंपाकघर नोंदवलं म्हणून कोथरूडचं नोंदवलं गेलं असं होत नाही. उद्या ती चकली खाऊन कोणाला त्रास झाला, तर नंबरावरून निघालेला अधिकारी हडपसरच्या दारात उभा राहील आणि जिथे तेल तापतंय ती जागा कोणाच्या कागदावरच नसेल. मला राग आला तो याचा. चकली चवीला उत्तमच होती. वहिनींनी स्वतःच्या नावाने नोंदणी करावी असं मी दुकानदारांना सांगून आले, आणि ती होईपर्यंत पाकीट घ्यायचं थांबवलं.

मात्र नाव किंवा पत्ता वेगळा दिसला की लगेच फसवणूक समजू नका. माझ्याकडच्या कांदा-लसूण मसाल्यावर ‘मार्केटेड बाय’ सदाशिव पेठ आणि 115 ने सुरू होणारा नंबर आहे, तर ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ समोर गुजरातचा पत्ता आणि 107 चा नंबर. दोन्ही नंबर आपापल्या पत्त्याशी जुळतात, म्हणजे व्यवहार सरळ आहे. मला एवढंच कळलं की पुढच्या बाजूला चुलीचं चित्र असलेला हा मसाला पुण्यात कुटलेला नाही. नंबर 100 ने सुरू होत असेल तर तो केंद्रीय परवाना. त्यातून राज्य कळत नाही, पत्ताच वाचावा लागतो. मोठ्या कंपन्यांच्या बिस्किटांवर तर चार-पाच कारखान्यांचे पत्ते असतात आणि प्रत्येकापुढे एक अक्षर. बॅच नंबरमधलं अक्षर त्याच्याशी लावून बघितलं की तुमच्या हातातला पुडा कुठल्या कारखान्यातून आला ते कळतं.

या नंबरावरून माल शुद्ध आहे की नाही, हे मात्र कळत नाही. तुमच्या हातातलं पाकीट कोणी तपासलंय असा त्याचा अर्थ नाही. बनवणाऱ्याची सरकारदरबारी नोंद आहे आणि त्याला कुठे गाठायचं, एवढंच तो सांगतो.

नंबर १३ आकडीच निघाला, साइटवर सापडलाच नाही किंवा मुदत संपलेली दिसली, तर आधी एकेक आकडा पुन्हा टाकून बघा, कारण शिवणीवरच्या छपाईत 3 आणि 8 हमखास सारखे दिसतात. तरीही जुळलं नाही तर पाकीट फेकू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, बिल जोडा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या पुणे कार्यालयात किंवा एफएसएसएआयच्या Food Safety Connect अॅपवर तक्रार द्या. बॅच नंबर आणि तारीख फोटोत स्पष्ट आली पाहिजे.