अक्षर E की F, यापेक्षा तो बिंदू कुठे आहे ते आधी ठरवा

प्रश्न: ऐरोलीत नववी-दहावीच्या भूमितीची शिकवणी घेते. मुलं सिद्धतेचे फोटो मोबाइलवर पाठवतात. आकृती हातानेच काढलेली, E आहे की F कळत नाही. अशा वेळी गुण कापायचे, की मुलाच्या बाजूने वाचायचं?

उत्तर: ताई, ठाण्यात माझ्याकडेही असेच फोटो येतात, म्हणून सविस्तर लिहितो. बोर्डाच्या पेपरला किती गुण कापतात हा विषय वेगळा, तिथले नियम तिथे. मी फक्त सिद्धता बरोबर की चूक, एवढंच बोलतोय.

अक्षर लागत नसेल तर आकृतीकडे बघू नका. तो बिंदू मजकुरात पहिल्यांदा कुठे आला ते शोधा. एका मुलाने पाठवलेलं उदाहरण घेऊ. त्रिकोण ABC. कोन A चा दुभाजक आणि BC चा लंबदुभाजक D मध्ये मिळतात. D मधून AB वर लंब DE, AC वर लंब DF. फोटोत E चा खालचा दांडा पुसट, त्यामुळे E आणि F सारखेच दिसतात. पण पुढे 'त्रिकोण DEB काटकोन' असं लिहिलंय. तिथे F वाचलं तर F हा AC वरचा बिंदू, मग कोन DFB काटकोन राहतच नाही. म्हणजे वाक्यानेच अक्षर ठरवलं. शिवाय पूर्ण सिद्धतेत E आणि F ची अदलाबदल केली, सोबत B आणि C ची, तरी काहीच बिघडत नाही. अशा ठिकाणी अक्षरासाठी अर्धाही गुण कापू नये, असं माझं ठाम मत आहे.

आता त्याची सिद्धता वाचा. AED आणि AFD को-को-बा कसोटीने एकरूप, म्हणून AE = AF आणि DE = DF. D लंबदुभाजकावर, म्हणून DB = DC. कर्णभुजा कसोटीने DEB आणि DFC एकरूप, म्हणून EB = FC. बेरीज केली की AB = AC. म्हणजे प्रत्येक त्रिकोण समद्विभुज!

एकरूपतेच्या दोन्ही पायऱ्या खऱ्या आहेत. घोळ फक्त शेवटच्या बेरजेत आहे, आणि तो लपवलाय कच्च्या आकृतीने. मुलं त्रिकोण काढतात तो जवळपास समद्विभुजच असतो, D आत पडतो आणि E, F दोन्ही बाजूंवर दिसतात. खरं तर AB आणि AC असमान असतील तर D परिवर्तुळावर असतो, BC च्या पलीकडे. AB = 6, AC = 4, BC = 5 सेंमी घेऊन पट्टी-कंपासने काढून बघा. AE = AF = 5 येतात. E हा AB वर, B च्या 1 सेंमी अलीकडे. F मात्र C च्या 1 सेंमी पलीकडे, वाढवलेल्या AC वर. EB = FC = 1 खरंच आहे, पण AC = AF − FC, बेरीज नाही. मोठ्या बाजूवरचा लंबपाद आत आणि लहान बाजूचा बाहेर, हे दर वेळी होतं.

म्हणून तपासताना मी फोटोतली आकृती बाजूला ठेवतो आणि फक्त 'पक्ष' वाचून मुद्दाम तिरपागडा त्रिकोण नव्याने काढतो. मग जिथे लांबीची किंवा कोनाची बेरीज-वजाबाकी आहे, तिथे थांबतो. A-E-B आणि A-F-C हे नववीत शिकवतात तसं कुठे लिहिलंय का, आणि त्याला कारण दिलंय का? फक्त 'आकृतीवरून' असेल तर तिथे सिद्धता तुटली.

लॉकडाउनमध्ये माझ्या एका विद्यार्थिनीची याच्या बरोबर उलट गत झाली. एका खाजगी स्पर्धा परीक्षेत तिने आकृती वाकडी काढली होती, पण प्रत्येक बिंदू मजकुरात नीट सांगितलेला होता, दरम्यानताही कारणासकट सिद्ध केली होती. शून्य गुण. पुनर्तपासणीची फी भरली, बिंदू कुठल्या ओळीत ठरतो ते दाखवणारं पत्र जोडलं. कार्यालयाकडून एकच ओळ आली: 'आकृती अस्पष्ट.' फोन केला की दुसऱ्या विभागाचा नंबर देत. उत्तर कुणी वाचलं का, हे शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. नंतर त्या मुलीने भूमितीत लांब लिहिणंच सोडलं, त्याचा राग अजून आहे. आकृती सिद्धतेचा भाग नाही, मजकूर अपुरा असेल तेव्हाच तिचा आधार घ्यावा लागतो, हे तपासणाऱ्याला कळायला हवं.

मजकुरावरूनही दोन वाचनं शक्य असतील, एक बरोबर आणि एक चूक, तर मी गुण राखून ठेवतो आणि मुलाला एवढंच विचारतो: 'E कोणत्या रेषेवर, आणि कोणत्या दोन बिंदूंच्या मध्ये?' उत्तर सुचवू नका, नाहीतर मूल तुमचंच वाचन परत पाठवतं.

फोटोबद्दल एक: स्कॅन अॅपचं काळं-पांढरं फिल्टर पेन्सिलच्या रेघा खाऊन टाकतं. मूळ रंगीत फोटोच मागा, खिडकीच्या उजेडात काढलेला, आणि नावं पेनने लिहिलेली.