व्याख्यानाला ‘नाही’ कळवायचं पत्र

“मॅडम, नोव्हेंबरमधल्या परिषदेत बोलायला बोलावलंय, पण जमणार नाही. आयोजक सर मोठे आहेत. नाही म्हटलं तर परत कधी विचारणार नाहीत, अशी धास्ती वाटते. मसुदा लिहून चार दिवस झाले, पाठवायचा धीर होत नाही. एकदा बघाल का?”

विचारणाऱ्या बाई फिजिओथेरपिस्ट, राहायला मुलुंडला. परिषद वांद्र्याला, शनिवार-रविवार. मसुदा पानभर होता. त्यातला मधला भाग असा:

“माझ्यासारखीची आपण आठवण ठेवलीत हेच खूप आहे. पण त्याच शनिवारी सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, मुलाची परीक्षा जवळ आली आहे, ओपीडीतल्या दोघी रजेवर आहेत, शिवाय रविवारी मेगाब्लॉक असतो. तरीही मी प्रयत्न करीन, नक्की मात्र सांगता येत नाही. कृपया राग मानू नये, क्षमस्व.”

हे वाचून आयोजकाच्या लक्षात एकच वाक्य राहतं: प्रयत्न करीन. आपल्याकडे याचा अर्थ ‘येते’ असाच धरतात. कार्यक्रमपत्रिका छापायला जाते, त्यात नाव जातं आणि आदल्या आठवड्यात फोन येतो. मग दिलेला नकार खरोखरच लागतो, कारण तोवर दुसरा वक्ता शोधायला वेळ उरलेला नसतो.

दुसरी गडबड कारणांची. चार कारणं दिली की समोरचा चारही सोडवायला बसतो. मेगाब्लॉक आहे? गाडी पाठवतो. ऑपरेशन शनिवारी आहे ना, मग रविवारी अर्धा तास या. यात त्याचं काही चुकत नाही. अडचण सांगितली म्हणजे तोड हवी आहे, असंच तो समजतो.

म्हणून पत्राला हात लावण्याआधी बाईंना एक प्रश्न विचारला: हीच परिषद डिसेंबरात असती तर गेला असतात का? त्या लगेच ‘हो’ म्हणाल्या. म्हणजे अडचण फक्त तारखेची. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की पेशंट बहुधा त्याच दिवशी घरी येतो, पण दुसऱ्या दिवशी डोळा तपासायला न्यावं लागतं, त्यामुळे दोन्ही दिवस अडकलेले. उत्तर ‘नाही’ आलं असतं, तर तारखेचं कारण द्यायचंच नव्हतं. मग कारणाशिवाय ‘निमंत्रण स्वीकारता येणार नाही’ एवढंच पुरतं आणि पुढच्या वेळेचं वाक्यही गाळायचं.

नवं पत्र असं झालं:

“आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.
गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामांवर बोलण्यासाठी आपण मला बोलावलंत, याचा आनंद झाला. परिषदेच्या दोन्ही दिवशी घरच्या जबाबदारीमुळे मी मोकळी नाही, त्यामुळे या वेळी निमंत्रण स्वीकारता येणार नाही. पुढच्या परिषदेत याच विषयावर बोलायला मला आवडेल. दोन महिने आधी कळवलंत तर ओपीडीची पाळी बदलून घेता येईल. परिषदेला मनापासून शुभेच्छा.
आपली,”

आभाराच्या वाक्यात विषयाचं नाव आहे, त्यामुळे निमंत्रण नीट वाचलंय हे कळतं. नकार लगेच दुसऱ्या वाक्यात, ‘जमेलसं वाटत नाही’ अशी पळवाट न ठेवता. सासूबाईंचा डोळा पत्रात यायची गरज नाही, ‘घरची जबाबदारी’ म्हटलं की सुज्ञ माणूस पुढे विचारत नाही. ‘क्षमस्व’ काढलं, कारण चार दिवसांत दिलेल्या उत्तराला माफी लागत नाही. आठवडा उलटला असता तर उशिराबद्दल एक ओळ सुरुवातीला घातली असती. आणि ‘पुन्हा कधीतरी नक्की’ यापेक्षा विषय आणि दोन महिने हे दोन तपशील जास्त कामाचे, कारण आयोजक ते वहीत टिपून ठेवू शकतो. दोन महिन्यांत पाळी खरंच बदलून मिळते, याची खात्री करूनच ते लिहिलं.

बाईंना आपल्या एका सहकारी मैत्रिणीचं नाव आणि मोबाइल नंबर खाली द्यायचा होता. हेतू चांगला, पण तिला विचारलेलं नव्हतं. आधी तिचा होकार, मगच नकारानंतर एका वाक्यात नाव. विचारल्यावर कळलं, ती त्या आठवड्यात मुंबईबाहेर असणार, म्हणून ते वाक्य आलंच नाही.

पत्र निमंत्रणाच्या ईमेललाच उत्तर म्हणून गेलं. मात्र वक्त्यांची यादी सरांच्या सेक्रेटरी व्हॉट्सअॅपवर जमवत होत्या, म्हणून त्यांनाही कळवलं: “सरांना ईमेल केलाय, या वेळी मला येता येणार नाही. यादीतून माझं नाव काढावं.” हा निरोप राहिला की सरांना माहीत असूनही पत्रिकेत नाव छापलं जातं.

संध्याकाळी सरांचा फोन आला, तर काय बोलायचं हे आधीच ठरलं होतं. नवं कारण द्यायचं नाही, पत्रातलंच वाक्य पुन्हा: “सर, ते दोन दिवस नाहीच जमणार. पुढच्या वेळी जरूर विचारा.” फोन आला आणि अपेक्षेप्रमाणे सर म्हणाले, “मग ऑनलाइन वीस मिनिटं?” या प्रश्नाचं उत्तरही पत्र पाठवण्याआधीच ठरवून ठेवावं लागतं, नाहीतर संकोचानं तोंडून ‘हो’ निघतं. बाईंनी तेच वाक्य पुन्हा सांगितलं. सर म्हणाले, “ठीक आहे, पुढच्या वेळी लवकर कळवतो.”