प्रायमरी पळतो तो लेटन्सीमुळे नाही

प्रश्न: आमच्या तीन नोडच्या मोंगोडीबी रेप्लिका सेटमध्ये दिवसातून पाच-सहा वेळा नवा प्रायमरी निवडला जातो. लॉगमध्ये हार्टबीट टाइमआउट दिसतात, म्हणजे नेटवर्क लेटन्सी असणार. `electionTimeoutMillis` वाढवून किती ठेवू?

उत्तर: आधी वाढवू नका. आम्ही वाढवला होता आणि त्यात सात शेतकऱ्यांच्या काटा पावत्या गेल्या.

धुळ्याच्या एमआयडीसीत एका कापूस व्यापाऱ्याच्या जिनिंगचं सॉफ्टवेअर मी सांभाळायचो. एक नोड धुळ्याच्या ऑफिसात आणि दोन मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये. धुळ्याच्या नोडची प्रायॉरिटी २, मुंबईच्या दोघांची १. हा आकडा आमच्या सीनियरने घातला होता. सगळे त्यांना नाना म्हणतात, मीही म्हणायचो. नानांचं म्हणणं एकच: "माल आपला, काटा आपला, मग प्रायमरी पण आपल्याच घरात पाहिजे." मी तेव्हा नवीन होतो. तरी बोललो होतो की ज्या नोडची लाईन सगळ्यात कच्ची, त्याला सगळ्यात वरची प्रायॉरिटी देऊ नका. ऐकलं नाही.

हंगाम सुरू झाला, ट्रॅक्टर-ट्रकची रांग लागली आणि दुपारी प्रायमरी उड्या मारायला लागला. काट्यावरचा पोरगा फोन करायचा, "भाऊ, पावती निघत नाही." नाना म्हणाले, लेटन्सी. इंटरनेटवाला बदलला, पुन्हा बदलला. प्रायमरीच्या उड्या थांबल्या नाहीत.

आता लेटन्सीचं बघा. धुळे-मुंबई पिंग आमच्याकडे वीस मिलिसेकंदांच्या आसपास होता. हार्टबीट दर २ सेकंदांनी जातो आणि निवडणुकीचा डिफॉल्ट टाइमआउट १० सेकंदांचा आहे. पिंग वीसचा तीनशे झाला तरी १० सेकंदांची मर्यादा ओलांडली जात नाही. त्यासाठी लाईनवर शांतताच पसरावी लागते, आणि ती पॅकेट हरवल्याने पसरते. टीसीपीचं पॅकेट हरवलं की लिनक्स साधारण ०.२ सेकंदाने ते पुन्हा पाठवतो आणि पुढे प्रत्येक वेळी थांबण्याची वेळ दुप्पट करतो. म्हणजे पहिल्या पाठवणीपासून ०.२, ०.६, १.४, ३, ६.२ आणि मग थेट १२.६ सेकंदांना. लाईन सातव्या सेकंदाला परत आली तरी त्या कनेक्शनवरचं पुढचं पॅकेट १२.६ सेकंदांनाच निघणार. तोवर समोरच्या नोडचे १० सेकंद संपलेले असतात. म्हणून सरासरी पिंग पाहून काही कळत नाही. त्या वेळी पॅकेट किती हरवतात ते पाहा.

आमच्याकडे ती हरवत होती, कारण दुपारी तीनला सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग त्याच लाईनवरून वर चढायचं आणि अपलोड पूर्ण भरून जायचा. हे शोधायला मला आठवडा लागला, कारण सगळे इंटरनेटवाल्याच्या मागे लागले होते.

पण रेकॉर्डिंगमुळे दिवसातून दोन-तीनदाच लाईन गुदमरायची आणि निवडणुका मात्र पाच-सहा व्हायच्या. उरलेल्या कुठून आल्या? प्रत्येक नोडवर हे चालवा:

```
db.serverStatus().electionMetrics
```

यात निवडणूक कशामुळे मागितली गेली ते वेगवेगळं मोजलेलं असतं. मुंबईच्या नोडवर `electionTimeout` चा आकडा चढलेला होता आणि धुळ्याच्या नोडवर `priorityTakeover` चा. दोन्हीकडची बेरीज जवळजवळ सारखी. लाईन तुटली की मुंबईत नवा प्रायमरी निवडला जायचा आणि धुळ्याला बहुमत दिसेना म्हणून तो स्वतः पायउतार व्हायचा. लाईन आली, धुळ्याने ऑपलॉग भरून काढला की आपली प्रायॉरिटी जास्त म्हणून तो पुन्हा निवडणूक मागून गादीवर बसायचा. एका तुटीमागे दोन निवडणुका, आणि त्यातली दुसरी नानांच्या त्या २ मुळे. तुमच्याकडे `priorityTakeover` चढलेला दिसला तर तुमचाही आजार हाच आहे. हे आकडे नोड रीस्टार्ट झाल्यावर शून्यापासून सुरू होतात, ते लक्षात ठेवून वाचा.

हे मी नानांना दाखवण्याआधीच त्यांनी `electionTimeoutMillis` ६०००० करून टाकला होता. निवडणुका कमी झाल्या आणि नाना खूश झाले. पण प्रायमरीला बहुमत दिसत नाही हे ठरवायला तोच टाइमआउट वापरला जातो. लाईन मिनिटाहून जास्त तुटली की धुळ्याचा एकटा पडलेला प्रायमरी जवळजवळ मिनिटभर काट्याच्या नोंदी घेत राहायचा. आमची आवृत्ती ४.४ होती, तिच्यात डिफॉल्ट रायट कन्सर्न `w: 1`. एका नोडने लिहिलं की झालं, पावती छापली. मग धुळे परत जोडला गेला की मुंबईत नसलेल्या त्या नोंदी रोलबॅक होऊन डेटाबेसमधून काढल्या जायच्या.

शिंदखेड्याकडचे एक बाबा हातात छापील पावती घेऊन पेमेंटच्या खिडकीवर उभे होते आणि सिस्टिममध्ये त्यांची गाडीच नव्हती. कापूस तर ढिगात मिसळून गेलेला. काट्यावरच्या पोरावर चोरीचा आळ आला. मी त्या रात्री `dbPath` खालच्या `rollback` फोल्डरमधल्या बीसॉन फाइली `bsondump` ने उघडल्या आणि सातही नोंदी वजनासकट बाहेर काढल्या. त्या पोराची माफी कोणी मागितली नाही, याचा राग मला आजही आहे.

मग मी केलं ते असं. रेकॉर्डिंगचा अपलोड रात्री नेला आणि त्याचा वेग बांधला. कनेक्शन स्ट्रिंगमध्ये `w=majority` घातलं, म्हणजे मुंबईतल्या निदान एका नोडपर्यंत नोंद पोचल्याशिवाय पावती छापली जात नाही. आवृत्ती ५.० पासून बहुतेक सेटमध्ये हेच डिफॉल्ट आहे, तरी तुमच्या स्ट्रिंगमध्ये कोणी `w=1` लिहून ठेवलं नाही ना ते बघा. टाइमआउट परत १०००० केला. आणि धुळ्याची प्रायॉरिटी शून्य केली, मत मात्र तसंच ठेवलं. प्रायमरी स्वतःलाच शून्य करायला निघाला तर `rs.reconfig` नकार देतो, म्हणून आधी धुळ्याच्या नोडवर

```
rs.stepDown(300)
```

आणि मग मुंबईच्या नव्या प्रायमरीवर, त्या पाच मिनिटांच्या आत:

```
cfg = rs.conf()
cfg.members[0].priority = 0
rs.reconfig(cfg)
```

`members[0]` हाच तुमचा कच्च्या लाईनचा नोड आहे ना, ते `rs.conf()` मध्ये पाहूनच चालवा.

नानांच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे, ती सांगायला हवी. प्रायमरी मुंबईत गेला की धुळ्याची लाईन तुटल्यावर काट्यावर नवी नोंद होत नाही. आम्ही काट्याच्या कॉम्प्युटरवर नोंदी तात्पुरत्या साठवून नंतर पाठवायची सोय केली, तिला दोन आठवडे गेले. तुमचे तीनही नोड एकाच खोलीत असतील तर यातलं बरंच तुम्हाला लागू नाही. मग प्रायमरी स्वतःच अडकतो का ते बघा: डिस्क भरलेली, स्वॅप सुरू, किंवा व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट काही सेकंद सगळं गोठवतो. हे सगळं तपासूनही लाईन १०-१५ सेकंद तुटतच असेल तर टाइमआउट २०००० करा, पण `majority` शिवाय करू नका. खरा प्रायमरी मेल्यावर तेवढा वेळ लिहिणं बंद राहील हेही घरात सगळ्यांना आधी सांगा.

प्रायॉरिटी बदलल्यावर उरलेल्या हंगामात आमच्याकडे दोन निवडणुका झाल्या, त्याही मी स्वतः अपग्रेडसाठी केलेल्या.